तांबेसाहेबांचं नाक आणि तांबेसाहेबांचं सांगणं

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तांबेसाहेबांनी माझ्या हातातलं मोसंबं घेतलं, सालीत नख खुपसलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच बसले. मग मला म्हणाले, "याला वास येतोय का रे?" मी म्हटलं, "येतोय की साहेब, पलीकडच्या खाटेवरचा माणूस वळून बघतोय." "मग ठीक," ते म्हणाले, "मोसंब्यात दोष नाही." एवढ्यात सलाइनची सुई बदलायला वॉर्डातला एक माणूस आला, उघड्या हातांनी. साहेबांचा आवाज मोसंब्याच्या सालीइतका पातळ झाला होता, पण तर्जनी बरोबर वर गेली. "हातमोजे कुठे आहेत?" तो माणूस म्हणाला, "आजोबा, तुमी पडून ऱ्हावा." मला हसू आवरेना. साहेबही हसले. हसताना त्यांच्या हिरडीतून रक्त आलं आणि ते त्यांनी उशीखालच्या रुमालाने गुपचूप टिपलं... त्यानंतरच्या सोमवारी सकाळी तुर्भ्याला आमच्या फॅक्टरीच्या गेटवर पोचलो, तर वॉचमनने नेहमीसारखा सलाम केला नाही. "तांबेसाहेब पहाटे गेले," एवढंच म्हणाला. बातमी आली तीही सोमवारी सकाळी, नेमक्या त्यांच्या भाषणाच्या वेळेला. या माणसाला वेळेचं भान कधी नव्हतं असं कोणी म्हणू नये.

मी स्वतः गंभीर माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुणाच्या मयताला गेलो तरी मागच्या रांगेतल्या दोघांना हसवून परततो. खाडीकाठच्या आमच्या गावात होळीला आणि गणपतीला माझ्या नकला असतात. गावाची शेतं आणि मिठागरं नव्या शहरात गेली आणि आम्ही शेतकऱ्यांची पोरं हेल्पर म्हणून फॅक्टरीत लागलो, तेव्हा नकला मी तिथेही घेऊन गेलो. मॅनेजर, टाइमकीपर, कँटीनवाला, सगळे माझ्या खिशात. पण माझा हुकमी एक्का म्हणजे वामन तांबे, सुपरवायझर. मूळचे दापोलीकडचे, बौद्ध कुटुंबातले, त्यांच्या वाडीतले पहिले मॅट्रिक. फॅक्टरीत आले तेव्हा आमच्यासारखे हेल्परच होते आणि सुपरवायझर झाले ते आपल्या नाकामुळे.

नाकाची गोष्ट समजावून सांगतो. आमच्याकडे रंगासाठी लागणारी रसायनं मोठ्या लोखंडी ड्रममधून येत. टोल्युइन, झायलीन, बेंझीन, असली पाण्यासारखी दिसणारी आणि एकमेकांसारखीच दिसणारी द्रव्यं. ड्रमवर कागदाचं लेबल डिंकाने चिकटवलेलं असे. ड्रम राहत उघड्या अंगणात, त्यामुळे लेबल कधी उन्हाने सुटे, कधी पाण्याने धुऊन जाई. मग कोणत्या ड्रममध्ये काय आहे? नियम असा की नमुना बाटलीत घ्यायचा आणि लॅबकडे पाठवायचा. लॅबचं उत्तर यायला अर्धा दिवस. तोवर ट्रक उभा, रिअ‍ॅक्टर उभा, मॅनेजर उभा. अशा वेळी मॅनेजर खिडकीतून हाक मारत, "तांबे, जरा बघता का?" आणि तांबेसाहेब जात. ड्रमचं बूच पान्याने सैल करत, तोंडावर वाकत, एक श्वास आत घेत आणि सांगत, "टोल्युइन. यात थोडं झायलीन मिसळलंय, पुरवठा करणाऱ्याला जाब विचारा." लॅबचा रिपोर्ट संध्याकाळी तेच सांगे. मी बारा वर्षं पाहिलं, ते नाक एकदाही चुकलं नाही.

आणि हेच साहेब दर सोमवारी सकाळी गेटजवळ एका खोक्यावर उभे राहून आम्हाला भाषण देत. "कुठल्याही ड्रमला नाक लावायचं नाही. नाक म्हणजे प्रयोगशाळा नाही. मास्क लावल्याशिवाय बूच उघडायचं नाही, आणि उघडताना तोंड बाजूला. डोळ्यात काही गेलं तर आधी पाणी, पंधरा मिनिटं पाणी, त्यानंतर डॉक्टर." भाषणभर त्यांचा स्वतःचा मास्क गळ्यात लटकत असे, रबराचा, दोन डब्यांचा, नवाकोरा. तो गळ्यातून तोंडापर्यंत कधी चढला नाही. भाषण संपलं की खोक्यावरून उतरून ते सरळ अंगणात जात, कारण मॅनेजरची हाक आलेली असे.

आता सांगा, नकला करणाऱ्या माणसाने अशा वेळी काय करावं! देवाने ताट वाढून समोर ठेवलं होतं. एके दुपारी कँटीनमध्ये मी खोक्यावर चढलो, गळ्यात डब्याचं झाकण बांधलं, तर्जनी वर केली आणि कोकणी हेल काढून सगळं भाषण म्हटलं. शेवटी म्हणालो, "नाक म्हणजे प्रयोगशाळा नाही!" आणि तेवढ्यात ताकाच्या पेल्यात नाक घालून, डोळे मिटून जाहीर केलं, "टोल्युइन!" बाकं हलली. एकाच्या नाकातून ताक आलं. मागे वळलो तर तांबेसाहेब दारात उभे. साहेब पुढे आले, माझ्या हातातला पेला घेतला, हुंगला आणि म्हणाले, "चूक. आंबट ताक. कालचं आहे, पिऊ नका." पुन्हा हशा. हशा ओसरल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "नक्कल झकास केलीस, बहुरूपी. आता नियमही पाळ."

त्या दिवसापासून तो नियम हसल्याशिवाय कोणाला उच्चारता येईना. सोमवारी साहेबांनी तर्जनी उचलली की मागून कोणीतरी बारीक आवाजात "टोल्युइन" म्हणे. मास्क स्टोअरमधल्या खिळ्यांवर धूळ खात. कोणी नवीन माणूस मास्क मागायला गेला तर आम्हीच त्याला सांगत असू, "अरे, ज्याने नियम केला तो बघ काय करतो!" माझा हिराजीही हेच म्हणे. हिराजी म्हणजे माझ्या बायकोचा, यमुनेचा धाकटा भाऊ. दोन मुलांचा बाप, अंगाने दांडगा, आणि माझ्या नकलांचा सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याला मीच चिकटवलं होतं फॅक्टरीत. "भावजी, धोका असता तं सायब पयला मेला असता," तो म्हणायचा. "यवढी वर्सं हुंगतोय, काय झालाय त्याला? काय नाय." मला हा युक्तिवाद बिनतोड वाटे. मीच तर तो त्याला शिकवला होता.

बुद्धपौर्णिमेला साहेबांची सुट्टी असे. एका वर्षी त्या दिवशी ऊन असं होतं की अंगणातल्या लोखंडाला हात लावता येईना. दुपारी ट्रक आला आणि एका कोपऱ्यात तीन ड्रम निघाले, बिनलेबलचे. मॅनेजरने खिडकीतून सवयीने हाक मारली, "तांबे..." आणि मग आठवण होऊन खिडकी लावून घेतली. मी म्हटलं, नमुना लॅबला पाठवू. हे मी खरंच म्हटलं, आजही मी त्याला साक्षीदार देऊ शकतो. हिराजी हसला. गळ्यात पंचा अडकवला, तर्जनी वर केली आणि हुबेहूब, अगदी माझ्यासारखी, म्हणजे साहेबांसारखी सुरुवात केली, "नाक म्हनजे प्रयोगशाला नाय!" माझी मान मागे गेली, मी मोठ्याने हसलो. हसता हसता मला दिसलं की त्या ड्रमचं वरचं पत्र्याचं तोंड भाकरीसारखं फुगलंय. ते पाहून तोंडातून शब्द निघेपर्यंत त्याने पाना फिरवून बूच मोकळं केलं होतं आणि नाक खाली नेलं होतं.

ते टोल्युइन नव्हतं. पाण्यात मुरवलेला अमोनिया होता, चुकून या अंगणात आलेला. अमोनियाचं पाणी उन्हात तापलं की त्यातला वायू सुटतो आणि बंद ड्रममध्ये दाटून बसतो. बूच सैल झालं तसा तो सगळा वायू पाण्याच्या फवाऱ्यासकट हिराजीच्या चेहऱ्यावर आला. तो ओरडलासुद्धा नाही, गळाच मिटला होता त्याचा. हात डोळ्यांवर घेऊन गुडघ्यांवर बसला. आजूबाजूची माणसं पळाली. कोणी म्हणालं रिक्षा आणा, कोणी म्हणालं तूप लावा, कोणी म्हणालं मॅनेजरला सांगा. आणि मला, देवाशपथ सांगतो, मला माझ्याच आवाजातली साहेबांची नक्कल ऐकू आली, "आधी पाणी, पंधरा मिनिटं पाणी, त्यानंतर डॉक्टर." स्वतःचं नाकतोंड पंच्याने बांधून मी त्याला नळाखाली ओढला आणि त्याचं डोकं धरून ठेवलं. तो मला लाथा मारत होता. लोक ओरडत होते, "अरे सोड, दवाखान्यात ने!" मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. त्या भाषणातल्या या एका वाक्यावर मी कधी विनोद केला नव्हता, त्यात विनोदाला जागाच नव्हती. म्हणून तेवढं वाक्य शाबूत राहिलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी कोणी मारलं?" मी हात वर केला. "म्हणून हा उजवा डोळा वाचला," त्या म्हणाल्या. डावा गेला. उजवा ज्याच्या सांगण्याने वाचला आणि डावा ज्याच्या वागण्याने गेला, तो माणूस एकच होता. हे सरळ वाक्य लिहायला मला आज किती वर्षं लागली... आणि त्यातही मी एक चोरी केलीय. डावा डोळा जाताना मी हसत होतो, तो हिशेब मी साहेबांच्या माथ्यावर टाकून मोकळा झालो.

दोन दिवसांनी साहेब आमच्या गावात आले, चालत. ओट्यावर बसले. यमुनेने त्यांना पाणीही विचारलं नाही. दारातूनच म्हणाली, "दर सोमवारी लोकांना शिकवायचा आनी मंगलवारी सोता तेच करायचा! कोन्या तोंडान आलाव हिकडं?" साहेब म्हणाले, "बरोबर बोलताय, ताई." ती आत गेली. मग मी तोंड सोडलं. म्हटलं, "साहेब, तुमचं सगळं ढोंग होतं." साहेब म्हणाले, "मी ढोंगी होतो, हे लिहून देतो. पण सांगणं ढोंगी नव्हतं रे. बूच उघडणारा कोण, आणि उघडू नको म्हणणारा कसा वागतो, हे त्या अमोनियाला ठाऊक नसतं. मी चांगला असतो तरी तो तेवढाच झोंबला असता. मी वाईट आहे म्हणून तो कमी झोंबला का?"

उत्तर चोख होतं, पण मीही नकलाकार, समोरच्याचं वर्म शोधण्यात आयुष्य गेलेलं. म्हटलं, "साहेब, तुम्ही पुस्तकं वाचलीत. आम्हाला रसायनातलं काय कळतं? आम्ही तुम्हाला वाचतो. डॉक्टर 'हे विष आहे' म्हणत स्वतःच गटागटा प्यायला लागला, तर बघणारा काय समजेल? तो खोटं बोलतोय असंच ना? घाबरण्यासारखं काही असतं तर तुम्ही आधी घाबरला असता. हिराजी मूर्ख नव्हता. त्याने तुमच्या नाकावर विश्वास ठेवला."

साहेबांना मी पहिल्यांदा कोंडीत पकडलं होतं आणि, काय सांगू, आतून मला आनंद झाला. ते म्हणाले, "हे खरंय. माझं वागणं म्हणजे खोटी साक्ष झाली. साक्ष खोटी निघाली म्हणून गुन्हा घडलाच नाही असं होत नाही... पण तुम्हाला दुसरा साक्षीदार कुठे होता? नव्हता." मी विचारलं, "मग का करत होतात?" त्यावर ते ओशाळून हसले. "गावात आमच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं. इथे मॅनेजर चारचौघांत खिडकीतून हाक मारतो, 'तांबे, तुमच्याशिवाय होणार नाही.' मला कळत होतं की हे विष आहे. दर वेळी कळत होतं. हाक आली की पाय आपोआप निघायचे."

चौकशी झाली. ऑफिसने लिहिलं, नियम दर सोमवारी वाचून दाखवला जात होता, रजिस्टरवर हिराजीची सही आहे, दोष त्याचा. युनियनचा माणूस म्हणाला, नियम निव्वळ देखावा, वाचणाराच तो मोडत होता, म्हणजे नियम नव्हताच. साहेबांना आत बोलावलं. मी दाराबाहेर होतो, आवाज स्पष्ट येत होता. "तीन गोष्टी लिहा," साहेब म्हणाले. "नियम खरा होता. मी तो मोडत होतो. आणि ऑफिसच्या हाकेवरून मोडत होतो. तिन्ही एकत्र लिहा, एकही सुटी लिहू नका." कोणालाच तिन्ही नको होत्या. ऑफिसने पहिली उचलली, युनियनने दुसरी. तिसरी कुठल्याच कागदावर उतरली नाही. हिराजीला गेटवरच्या केबिनमध्ये बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायला.

त्यानंतर साहेबांनी एक शहाणपणाचं काम केलं. म्हणाले, माझ्यावर कोणाला विश्वास ठेवावा लागू नये अशी व्यवस्था करू. कागदी लेबलं बंद करून ड्रमवर ऑइलपेंटने नावं रंगवायला लावली. बूच उघडायचे सगळे पाने गोळा करून लॅबच्या कपाटात कुलूपबंद केले. लॅबची चिठ्ठी असेल तरच पाना मिळणार, मग मागणारा सुपरवायझर असो की मॅनेजर. आणि ते पाच-सहा महिने अंगणात कोणाचंही नाक ड्रमकडे वाकलं नाही, त्यांचंही नाही. उपदेश ऐकायला माणूस लागतो, कुलपाला काहीच लागत नाही, असं मला वाटू लागलं. मग एका दुपारी एक ट्रक अडला, लॅबवाला जेवायला गेलेला, आणि खिडकी उघडली. "तांबे, जरा बघता का? फक्त आजच्या दिवस." कपाटाची किल्ली कुठून आली कोण जाणे. मी लांबून पाहत होतो. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि वाकले. मी पळत जाऊन त्यांना धरायला हवं होतं. मी नुसता उभा राहिलो. माझ्यात त्यांना अडवण्याची हिंमत नव्हती आणि त्यांच्यात न वाकण्याची.

पुढे नाकच गेलं. पहिल्यांदा झायलीन ओळखता येईना, मग काहीच. ते त्यांनी वर्षभर लपवलं, नुसते वाकायचे आणि अंदाजाने सांगायचे. एकदा अंदाज चुकला तेव्हा मॅनेजरच्या हाका थांबल्या. मग अंगावर निळे डाग यायला लागले, जिना चढताना धाप लागायला लागली. दवाखान्यात मीच सोबत होतो. डॉक्टरांनी सांगितलं, शरीरात रक्त तयार होणंच बंद पडत चाललंय. कामाचं स्वरूप विचारलं. साहेबांनी खरंखरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, नेमकं यामुळेच झालं असं ठामपणे सांगता येणार नाही, पण इतकी वर्षं तुम्ही हे हुंगत होतात? आणि कोणी सांगितलं नाही तुम्हाला? साहेब म्हणाले, "दर सोमवारी सांगत होतो."

हा विनोद माझ्या सगळ्या नकलांपेक्षा सरस होता. तो ऐकून डॉक्टर हसले नाहीत, मीही हसलो नाही.

हिराजी वॉर्डात एकदा त्यांना भेटायला गेला होता. परत आल्यावर मी विचारलं, काय बोललात. म्हणाला, "काय नाय भावजी. मना म्हनाले, डोला जप. मी म्हनलो, जपतो." मग म्हणाला, "सायब बोलत व्हता तवा ऐकायचा व्हता. आपुन त्याला बघत बसलो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीच्या दिवशी वाशीला साहेबांच्या एका खोलीच्या घरी गेलो. वंदना झाली, माणसं पांगली, तेव्हा तांबेवहिनींनी खिळ्यावरचा मास्क काढून माझ्या हातात दिला. "तुमच्या फॅक्टरीचा आहे, घेऊन जा," म्हणाल्या. मी तो उलटा करून पाहिला. आतल्या रबरावर मास्क बनवणाऱ्यांनी लावलेली पांढरी पावडर अजून तशीच होती. डोक्यामागून ओढायच्या पट्ट्यांना एकही घडी नव्हती. नाकाशी धरला तर नव्या रबराचा वास आला, इतक्या वर्षांनी.

आता सोमवारचं भाषण माझ्याकडे आलंय. आमच्याकडे दुसऱ्या कोणाला ते पाठ नाही, म्हणून. पहिल्या सोमवारी खोक्यावर चढलो, सगळं म्हटलं, अक्षर न अक्षर, आणि मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "टोल्युइन." त्याचा आवाज चांगला होता, हेल बरोबर होता. माझ्यातल्या नकलाकाराने त्याला मनातल्या मनात दादही दिली. मग मी गळ्यातला साहेबांचा मास्क काढला आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातात दिला. म्हटलं, "आत हात लावून बघा आणि पुढे द्या. बघा किती नवा आहे." मास्क हातोहात मागे जात राहिला. बोटांना पावडर लागत होती, माणसं ती पँटला पुसत होती. कोणी हसलं, कोणी नाही.

त्याच दुपारी अंगणात एका ड्रमवरचा रंग उडालेला दिसला. नाव अर्धंच उरलं होतं. मी त्यावर वाकलो... कपाटाचं कुलूप केव्हाच नावापुरतं उरलं होतं, पानाही हातात होता. गळ्यात मास्क लटकत होता. मी किती वेळ तसा वाकून होतो ते मला माहीत नाही. गेटच्या केबिनच्या खिडकीतून हिराजीचा उजवा डोळा माझ्याकडे बघत होता.